प्रमुख पाहुण्यांचं निमंत्रणपत्र: मसुदा बघाल का?

प्रेषक: वैशाली (सचिव)

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी शाळेच्या वार्षिक संमेलनाला कोणाला बोलवायचं हे परवाच्या बैठकीत ठरलं. बाईंना मी फोन केला. त्यांनी छान ऐकून घेतलं आणि "पत्र पाठवा, मग सांगते" म्हणाल्या. गेल्या वर्षीचं पत्र समोर ठेवून मसुदा केलाय. मुख्य परिच्छेद असा:

"आमच्या शाळेचे वार्षिक संमेलन शनिवार, दि. 15 नोव्हेंबर 2026 रोजी दुपारी संपन्न होणार आहे. सदर कार्यक्रमाचे अध्यक्षस्थान भूषवून प्रमुख पाहुण्या म्हणून आपण उपस्थित राहावे व विद्यार्थ्यांना मोलाचे मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती."

शुद्धलेखन बघून रविवारपर्यंत कळवा.

*

प्रेषक: श्रीकांत

वैशाली,

शुद्धलेखन ठीक आहे, पण हे पत्र असं पाठवू नकोस.

आधी तारीख. 15 नोव्हेंबरला शनिवार गेल्या वर्षी होता. यंदा त्या दिवशी रविवार आहे. सभागृह आपण शनिवारी घेतलंय ना? मग 14 हवी. जुन्या पत्रात फक्त साल बदललं की हे हमखास होतं. बाईंनी वार धरला तर निभावेल, तारीख धरली तर त्या रिकाम्या सभागृहाशी येऊन उभ्या राहतील. वार आणि तारीख दोन्ही लिहायचे ते एकाने दुसऱ्याची चूक पकडावी म्हणून, तेव्हा दोन्ही कॅलेंडर उघडूनच लिही.

दुसरं, "अध्यक्षस्थान भूषवून प्रमुख पाहुण्या म्हणून". ही दोन वेगळी कामं आहेत. प्रमुख पाहुणे मधे बोलतात, अध्यक्ष सगळ्यांत शेवटी, आणि त्यांच्यानंतर फक्त आभार. अध्यक्षांना आधीच्या सगळ्यांचा धागा पकडून समारोप करायचा असतो, म्हणून त्यांना शेवटपर्यंत बसावंच लागतं. पाहुण्यांना तसं बंधन नाही. अध्यक्ष आपल्या मंडळाचेच असतील तर त्यांचं पद पत्रात लिही, म्हणजे बाईंना आपली जागा कळेल.

तिसरं, "मोलाचे मार्गदर्शन". मी सचिव असताना हेच शब्द लिहून एकदा तोंडावर पडलोय. पाहुणे पाऊण तासाचं व्याख्यान बांधून आले, सोबत पडद्यावर दाखवायची चित्रं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांना दहा मिनिटं, आणि समोर पहिल्या तीन रांगांत सात-आठ वर्षांची मुलं. बाराव्या मिनिटाला मी चिठ्ठी पाठवली. त्यांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि आणखी वीस मिनिटं बोलले. राग त्यांचा नाही आला, माझाच आला. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हा किती मिनिटं बोलायचं आणि किती बक्षिसं द्यायची, हे पत्रातच लिही.

*

प्रेषक: मिलिंद

काका, तारखेचं पटलं. पण एवढ्या मोठ्या व्यक्तीला "बारा मिनिटं बोला, इतकी बक्षिसं वाटा" असं लिहायचं म्हणजे आपण त्यांना कामाला लावल्यासारखं दिसतं. माझ्या मते पत्र चार ओळींचं आणि आदबीचं असावं, बाकी सगळं फोनवर. आणि अध्यक्ष काय, प्रमुख पाहुणे काय, आजकाल कोण एवढा फरक करतं?

*

प्रेषक: सुजाता

बक्षिसांचा विषय निघालाच आहे म्हणून: यादी अंतिम झाली का? गेल्या वर्षी माझ्या मुलीचं नाव राहिलं होतं आणि ती मंचाजवळ जाऊन परत आली. निमंत्रणं छापायच्या आधी तपासा, प्लीज. आमच्या घरी किती निमंत्रणं येणार, तेही कळवा.

*

प्रेषक: श्रीकांत

सुजाता, हे सभासदांच्या निमंत्रणाचं नाही, पाहुण्यांच्या पत्राचं चाललंय. पण यादीचा मुद्दा घेतो, तो इथेही लागतो.

मिलिंद, पत्र आटोपशीर हवं हे खरं. मात्र फोनवरचं कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि बाईंचं वेळापत्रक दुसरं कोणी बघत असेल तर त्या माणसाच्या हाती पत्रच पडणार. म्हणून पत्रात चारच गोष्टी ठेवू: कधी आणि कुठे, कोणत्या नात्याने, मंचावर नेमकं काय, आणि उत्तर कधीपर्यंत. कार्यक्रमाचा क्रम, गाडी कोण आणणार, परिचय कोण करून देणार हे सोबतच्या वेगळ्या पानावर. उद्धटपणा वेळ लिहिण्यात नसतो, वाक्यात असतो. "आपल्यासाठी बारा मिनिटे राखून ठेवली आहेत" असं लिही. "बारा मिनिटांत आटोपावे" असं लिहू नकोस.

आता हिशोब. 34 प्रमाणपत्रं आहेत. नाव पुकारणं, मुलाचं वर येणं, फोटो, याला अर्धं मिनिट धरलं तरी सतरा मिनिटं बाई उभ्या. हे आधी सांगायलाच हवं. कोणाला गुडघ्याचा त्रास असतो, कोणाला नुसतं बोलायला आवडतं. त्यांनी पहिली दहा दिली आणि उरलेली शिक्षकांनी, असंही चालतं, पण ते त्यांना ठरवू दे.

*

प्रेषक: वैशाली (सचिव)

काका, सभागृह 14 तारखेलाच आहे, पावती पाहिली. हुश्श. नवा मसुदा:

"महोदया,
सप्रेम नमस्कार. दूरध्वनीवर बोलल्याप्रमाणे, आमच्या शाळेच्या वार्षिक संमेलनास आपण प्रमुख पाहुण्या म्हणून यावे, ही विनंती. संमेलन शनिवार, दि. 14 नोव्हेंबर 2026 रोजी दुपारी 3 वाजता सुरू होईल. अध्यक्षस्थानी मंडळाचे अध्यक्ष असतील.

आपल्या मनोगतासाठी 3.35 पासून बारा मिनिटे राखून ठेवली आहेत. समोर 6 ते 14 वर्षांची मुले आणि त्यांचे पालक असतील. ही मुले घरी मराठी ऐकतात, पण उत्तर बहुधा दुसऱ्या भाषेत देतात. आपण स्वतः दोन भाषांत कशा वाढलात, याविषयी त्यांच्याशी बोलावे, असे आम्हाला वाटते. विषयाची निवड अर्थातच आपली.

त्यानंतर आपल्या हस्ते 34 विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रे द्यावीत, अशी इच्छा आहे. यास सुमारे सतरा मिनिटे लागतील. सर्व प्रमाणपत्रे देणे गैरसोयीचे असल्यास तसे कळवावे, शिक्षक मदतीस आहेत. अध्यक्षीय समारोप साडेचारच्या सुमारास संपेल. पुढील बालनाट्यास आपण थांबलात तर आनंदच आहे, मात्र तसा आग्रह नाही.

आपला होकार 20 सप्टेंबरपर्यंत मिळाल्यास कार्यक्रमपत्रिकेत आपले नाव छापता येईल."

मानधनाचं काय करू? प्रवासखर्च आपण देणार हे सोबतच्या पानावर लिहिलंय.

*

प्रेषक: मिलिंद

मानधन लिहू नये. त्या मंडळाच्या आपुलकीने येतायत. आकडा दिसला की व्यवहार वाटतो.

*

प्रेषक: श्रीकांत

माझं मत उलट आहे. देणार असू तर लिहावं, नसू तर "मानधन देऊ शकत नाही" हेही लिहावं. पाहुण्याला विचारावं लागणं हे सगळ्यांत वाईट. कार्यकारिणीने ठरवावं, मी हट्ट धरत नाही.

मसुदा उत्तम झालाय. एकच ओळ घाल: चित्रीकरण करून संकेतस्थळावर टाकणार असू, तर त्याची परवानगी आत्ताच माग. मंचावर कॅमेरा दिसल्यावर कोणी नाही म्हणू शकत नाही.

*

प्रेषक: सुजाता

वैशाली, शिक्षकांकडची यादी पाहिली. माझ्या मुलीचं नाव यंदाही नाही. शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र तिला मिळायला हवं, मी हजेरीपट पाहिलाय.

*

प्रेषक: वैशाली (सचिव)

सुजाताताई, खरंच राहिलंय, माफ करा. म्हणजे 35 झाली. पत्रात "सुमारे 35" लिहिते, अजून कोणाचं निघालं तर. चित्रीकरणाची ओळ घातली. मानधनाचा निर्णय बुधवारच्या बैठकीत होईल, तोवर पत्र थांबवते.