नाक शार्प, डोळे धूसर
पाळीव प्राण्यांच्या फोटो स्पर्धेत मार्क देताना हा प्रश्न येतो: "कुत्र्याची पोझ मस्त आहे, नाक अगदी शार्प, पण डोळे जरा धूसर. मार्क कापावेत का?"

हो, मी तरी कापते. लांब तोंडाच्या कुत्र्याचा क्लोजअप एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप उघडं ठेवून काढला की नाक आणि डोळे एकाच वेळी फोकसमध्ये बसत नाहीत, आणि कॅमेरा बरेचदा जवळचं नाक पकडतो. फोटो १००% झूम करा. पापण्यांचे केस सुटे दिसले पाहिजेत. छिद्र लहान करून एफ ५.६ ला बहुतेक निभावलं असतं. धावताना पंजे हललेत पण डोळे स्पष्ट आहेत, तर मात्र मी एकही मार्क कापत नाही.

नजरेचंही तसंच, नुसतं कॅमेऱ्यात बघितलं म्हणून मार्क नाहीत. मागे एक मांजर थेट कॅमेऱ्यात बघत होती, पण कान मागे चपटे, अंग आखडलेलं. ती घाबरली होती. तिथे स्वभाव छान दिसल्याचे मार्क कसले द्यायचे?