मदत हवी आहे: रंगाचा डबा आणि पाइप अस्सल आहेत का, कसं ओळखू?

नवं_घर: दुकानात मशीनवर शेड करून घेतलेले २० लिटरचे चार डबे काल घरी आले. तीन डब्यांचा बॅच नंबर एकच, चौथ्याचा वेगळा. चौघांचीही झाकणाची सीलपट्टी तुटलेली आहे. छपाई मात्र सगळ्यांची सुबक. शिवाय पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप हाताला पातळ लागतोय, त्यावर एसडीआर ११ छापलंय. माल परत करावा का?

रंगारंग: थिनरचा बोळा बॅच नंबरवर फिरवा. शाई पुसली गेली तर माल नकली.

जुना_मिस्त्री: असं करू नका हो. बॅच इंकजेटने मारतात, थिनरने अस्सल डब्यावरचीही शाई जाते. पुरावाच पुसून बसाल. आणि शेड करायला डबा उघडावाच लागतो, त्यामुळे तुटलेल्या पट्टीवरून काहीच ठरत नाही. ती तुमच्यासमोर तोडली का, हा खरा प्रश्न.

नवं_घर: नाही, मी दुकानात नव्हतो. चौथ्या डब्याच्या झाकणाला स्क्रूड्रायव्हरने उचकटल्यासारखे खड्डे आहेत आणि आतल्या कडेला वाळलेल्या रंगाची पापडी आहे, जरा वेगळ्या शेडची.

जुना_मिस्त्री: ही पापडी मला खटकते. खरा डबा रिकामा झाला की त्यात हलका रंग भरून विकतात. लेबल अस्सलच असतं, म्हणून छपाई बघून फसायला होतं. चारही डबे वजनकाट्यावर ठेवा. एकच बेस, एकच शेड असेल तर वजनं जवळपास सारखी यायला हवीत. नुसता बॅच वेगळा असणं हा गुन्हा नाही, पण तो डबा एका भिंतीच्या मधोमध सुरू करू नका.

सावली: आमच्याकडेही रंग नकली निघाला! सहा महिन्यांत पोपडे.

जुना_मिस्त्री: ताई, भिंतीत ओल असेल तर अस्सल रंगालाही पोपडे धरतात. ते आधी बघा.

नवं_घर: वजन केलं. तिघांत पाव किलोचाही फरक नाही, चौथा दोन किलोंनी हलका. पाइपचं काय?

जुना_मिस्त्री: बाहेरचा व्यास भागिले जाडी म्हणजे तो ११. तुमचा पाइप बाहेरून २२.२ मिमी, म्हणजे जाडी २ मिमीच्या आसपास हवी. कापलेल्या टोकाची कड घासून घ्या आणि व्हर्नियरने चार बाजूंनी मोजा. सगळ्यात पातळ जागा धरायची.

नवं_घर: चारही बाजूंना १.६!

जुना_मिस्त्री: मग तो साडेतेराचा पाइप आहे, वर ११ छापलंय. गरम पाण्याच्या लाइनला अजिबात वापरू नका. छापलेली ओळ आणि व्हर्नियर एकाच फोटोत घ्या.

रंगारंग: पण दुकानदारालाच वरून तसा माल आला असेल तर?

नवं_घर: तो म्हणतो, "पाइप बदलून देतो, डबा उघडलेला आहे, परत घेणार नाही." उघडला त्यानेच! यावर काय बोलावं?