अनुभव धागा : टाकाऊ वस्तूंतून अंककार्डे आणि मोजणीची साधने

दुसरीच्या वर्गात ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिणारी मुले दरवर्षी भेटतात, कारण मराठीत सात आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. त्यासाठी मी साबणाच्या व औषधांच्या रिकाम्या खोक्यांपासून एकावर एक ठेवायची कार्डे केली. एककाचे कार्ड ५ सेंटिमीटर रुंद, दशकाचे १० आणि शतकाचे १५; उंची सर्वांची सारखी. १ ते ९, १० ते ९० आणि १०० ते ९०० अशी २७ कार्डे झाली की एक संच पूर्ण होतो; २७ दाखवायला २० च्या कार्डातील शून्यावर ७ चे कार्ड ठेवायचे. पहिल्या संचात अंक अंदाजाने लिहिल्यामुळे ७ च्या कार्डाखालून २० मधले शून्य डोकावत असे. आता मी आधी ५ सेंटिमीटरच्या चौकटी आखते. आपण काय केले, कुठे फसले, ते कृपया लिहावे.

एक निवृत्त शिक्षक : पन्हळी पुठ्ठा वापरू नका, तो जाड असल्याने वरचे कार्ड घसरते. प्रत्येक कार्डाचा वरचा उजवा कोपरा तिरपा कापा. कापलेले कोपरे जुळले की कार्डे नीट बसली हे मुलाला स्वतःलाच कळते आणि ६ उलटा धरून ९ वाचला जात नाही. माझ्या वर्गातील एका मुलीने २० आणि ७ शेजारी ठेवून २०७ वाचले होते. मी काहीच न सांगता तिला २७ काड्या मोजायला दिल्या. दहा-दहाच्या दोन जुड्या बांधून सात सुट्या उरल्यावर तिने आपणहून ७ चे कार्ड उचलून शून्यावर ठेवले.

एक नवे शिक्षक : जुड्या बांधण्यात वेळ जातो. मी बाटल्यांची झाकणे वापरतो, लाल म्हणजे दहा आणि निळे म्हणजे एक. मुले लगेच शिकतात.

निवृत्त शिक्षक : झाकणे मोजायला उत्तमच आहेत, पण लाल झाकणात दहा वस्तू दिसत नाहीत, त्या मानाव्या लागतात. ४२ मधून १७ वजा करताना दोनातून सात जात नाहीत, तेव्हा मुलाला जुडी सोडून बारा सुट्या काड्या हातात घेता येतात. लाल झाकण सोडता येत नाही. जुड्यांचा सराव पक्का झाल्यावर झाकणे जरूर आणा.

एक पालक : माझा मुलगा पाढे विसरतो. ही कार्डे उपयोगी पडतील का?

धागा सुरू करणारी : पाढ्यांसाठी ही कार्डे नाहीत. त्याला झाकणांच्या सारख्या रांगा मांडू द्या. चारच्या सहा रांगा तो मोजू शकेल.

एक शिक्षिका, पहिलीचा वर्ग : दशकाच्या कार्डांना वेगळा रंग दिला, तर मुले रंग पाहून कार्ड उचलतात, अंक वाचतच नाहीत, असे मला आढळले. म्हणून मी सर्व अंक काळ्या शाईने लिहिले.

निवृत्त शिक्षक : माझा अनुभव उलट आहे, रंगामुळे मांडणी लवकर लक्षात येते. कदाचित पहिलीत आणि दुसरीत फरक पडत असेल. दोन्ही प्रकारचे संच एकाच वर्गात कोणी वापरले असल्यास कळवावे.