मदत हवी आहे: गॉथिक कॅथेड्रलच्या भिंतीत एवढी रंगीत काच मावते कशी?

कोनाडा
शाळेतल्या मुलांसाठी फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या एका खणाचं, म्हणजे खांबांच्या दोन जोड्यांमधल्या भागाचं, मॉडेल करायचं आहे. टोकदार कमान, भिंतीला बाहेरून टेकणारी अर्धी कमान म्हणजे फ्लाइंग बट्रेस आणि त्यामुळे मोठ्या खिडक्या, हे सगळीकडे वाचलं. पण पॅरिसचं सँत शापेल हे प्रार्थनागृह जवळपास सगळंच काचेचं आहे आणि त्याला एकही फ्लाइंग बट्रेस नाही! मग फ्लाइंग बट्रेसचं नेमकं काम काय?

रावसाहेब_७७
सोपं आहे. टोकदार कमान भार सरळ खाली नेते, बाजूला रेटा देतच नाही. फ्लाइंग बट्रेस बहुतेक शोभेचे.

ओळंबा
अर्धं बरोबर. रेटा कमी होतो, संपत नाही. १० मीटर गाळ्याची अर्धगोल कमान ५ मीटर उठते. दोन्ही बाजूंचा बाक १० मीटर त्रिज्येचा घेतला, तर टोकदार कमान साधारण ८.७ मीटर उठते. उंची वाढली की रेटा घटतो, पण कमान लांब झाल्याने दगडही तिसऱ्या हिश्शाने वाढतो. ढोबळ हिशेबात रेटा पाव हिश्शाने कमी होतो. उरलेला भिंतीला बाहेर ढकलायला पुरेसा आहे.

टोकदार कमानीचा मोठा फायदा वेगळाच आहे. खण चौरस नसतो. समजा, आडवा गाळा १४ मीटर आणि भिंतीकडचा ७ मीटर. दोन्हीकडे अर्धगोल कमानी घातल्या तर एक ७ मीटर उठेल, दुसरी साडेतीनच. म्हणजे भिंतीकडे छत खाली येणार आणि खिडकीचं डोकं तिथेच अडणार. टोकदार कमान अरुंद गाळ्यावरही हवी तेवढी उंच नेता येते. म्हणून खिडकी थेट छताजवळ पोचते.

आता छताचा भार फासळ्यांवरून, म्हणजे छताखालच्या बारीक दगडी कमानींवरून, खणाच्या कोपऱ्यांत उतरतो. रेटाही तिथेच येतो, सगळ्या भिंतीभर नाही. त्यामुळे दोन कोपऱ्यांमधली भिंत काढून काच बसवता येते.

कोनाडा
आणि सँत शापेल?

ओळंबा
तिथे बाजूला दालनं नाहीत. म्हणून भक्कम धीरे भिंतीला चिकटूनच बाहेर उभे आहेत आणि दगडात लोखंडी साखळ्याही दडवल्या आहेत. शार्त्रला मधल्या उंच भागाच्या दोन्ही बाजूंना ठेंगणी दालनं आहेत. धीरा भिंतीलगत उभा केला तर तो दालनातच उतरेल. म्हणून तो दालनापलीकडे नेला आणि मधलं अंतर अर्ध्या कमानीने जोडलं. रेटा दालनाच्या छपरावरून पलीकडे जातो. फ्लाइंग बट्रेस हा नुसता पूल आहे, टेकू खरा बाहेरचा धीरा.

मॉडेलमध्ये हा पूल कमान सुरू होते त्या बिंदूच्या थोडा वर टेकवा. फार खाली टेकवला तर भिंतीचा वरचा भाग बाहेर झुकतो. छताच्या मध्यावर, आतल्या बाजूने लांबीभर चीर उघडली की समजा, आधार सरकतोय.

जास्वंद
आमच्या जिन्याच्या खिडकीत शिशाच्या पट्ट्यांची रंगीत काच आहे. मधोमध बाहेर फुगलीय. बाहेरून धीरा द्यावा लागेल का?

ओळंबा
नाही हो, ते छताचं दुखणं नाही. शिसं मऊ असतं, ऊन आणि वाऱ्याने हळूहळू सैल पडतं. काच भिंतीचा भार घेत नाही, पण वारा तिला झेलावाच लागतो. म्हणून शार्त्रच्या खिडक्यांत लोखंडी सळ्यांची चौकट आहे आणि तिच्यात काचेचे तावदान अडकवलेत. तुमच्याकडे आडव्या सळ्या आहेत का, आणि पट्ट्या त्यांना तारेने बांधल्यात का, ते पाहा. फुगलेली काच हाताने दाबू नका, तडकेल.

काजळी
एक जोडते. मोठी खिडकी म्हणजे लख्ख उजेड, असं मुलांना सांगू नका. शार्त्रची गडद निळी आणि लाल काच बराच प्रकाश अडवते, आत चांगलाच अंधार असतो. पुढे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात फिकट काच वाढली तेव्हा उजेड आला.

रावसाहेब_७७
बरं, शोभेचे नाहीत. मग फ्रान्समधलंच बोव्हेचं कॅथेड्रल का कोसळलं? तिथे तर भरपूर होते.

ओळंबा
बोव्हेचं छत सुमारे ४८ मीटर, शार्त्रचं ३७ च्या आत. तिथला वेदीकडचा भाग १२७२ मध्ये पुरा झाला आणि १२८४ मध्ये त्यातलं काही छत पडलं. दुरुस्ती करताना खणांच्या मध्ये नवे खांब घातले, म्हणजे खण निम्मे केले. कारणावर एकमत नाही. कुणी वाऱ्याला दोष देतं, कुणी खांबांच्या बारीकपणाला. मला खांबांचं पटतं.

काजळी
मला वाऱ्याचं. एवढ्या उंच छपरावर वारा बसतो, त्याचा रेटा कमानीच्या रेट्यात मिळतो.

कोनाडा
मॉडेलला एकाच बाजूने पंखा लावून बघते मग. पूल एक पुरेल की एकावर एक दोन?

ओळंबा
दोन लावा. खालचा छताच्या रेट्यासाठी, वरचा छपरावरच्या वाऱ्यासाठी. आधी खालचा काढून बघा, मग वरचा.