४/४ मध्ये बेरीज बरोबर, तरी उत्तर चूक कसं?

खानापूरची_आई: मुलगी आठवीत आहे, रविवारी बेळगावला टिळकवाडीत कीबोर्डच्या क्लासला जाते. थिअरीच्या वर्कशीटवर ४/४ चा एक बार भरायचा होता. तिनं क्रॉचेट, क्वेव्हर, डॉटेड क्रॉचेट, क्रॉचेट असं लिहिलं. १ + ½ + १½ + १, बरोबर ४. तरी लाल फुली. बाईंना फोन केला तर "मधली रेघ दिसत नाही" एवढंच म्हणाल्या. वहीत मधे कसली रेघच नाही हो!

तबलजी_निपाणी: बेरीज जमली म्हणजे बरोबर. फार तर ऑफबीटवर डॉट देत नसतील.

स्टाफवाला: ऑफबीटचा संबंध नाही. क्वेव्हर, डॉटेड क्रॉचेट, मिनिम लिहून बघा. डॉट ऑफबीटवरच आहे, पण स्वर दुसऱ्या मात्रेच्या शेवटी संपतो, म्हणून चालतं. तुमच्या बारमध्ये तो दुसऱ्या मात्रेच्या मध्यावर सुरू होऊन तिसरी मात्रा गिळतो. वाचणाऱ्याला तिसरी मात्रा कुठं पडली ते दिसायला हवं, तीच बाईंची रेघ. म्हणून डॉट काढून क्वेव्हर आणि क्रॉचेट टायनं जोडायचे: क्रॉचेट, क्वेव्हर, क्वेव्हर‿क्रॉचेट, क्रॉचेट. वाजतं तेच, दुसरा स्वर पुन्हा दाबायचा नाही.

पेटीवाले_काका: आमच्या पोराचं वेगळंच. तो आधी भातखंडे पद्धतीनं शिकला. तिथं स्वरांखाली कंस म्हणजे ते सगळे एका मात्रेत. त्यानं स्टाफवर चार सेमीक्वेव्हर कंसात बांधले, वर त्याला टाय म्हणाला!

स्टाफवाला: काका, स्टाफवर दांड्या बीमनं जोडायच्या. टाय फक्त लागोपाठच्या, एकाच उंचीच्या दोन स्वरांत. उंची बदलली की तो स्लर, मग दोन्ही स्वर वाजतात.

तबलजी_निपाणी: मग ट्रिपलेट? तीन क्वेव्हर म्हणजे दीड मात्राच की.

स्टाफवाला: वर ३ लिहिलं नाही तर दीडच. ३ लिहिलं की तिघं दोघांच्या जागेत बसतात, एक मात्रा. तुमची तिस्र जातीच समजा. एक क्रॉचेट, तीन क्वेव्हर, दोन क्रॉचेट यात ३ लिहायचा राहिला तर बार साडेचारचा होतो. मुलं हेच विसरतात.

खानापूरची_आई: आत्ता उजेड पडला. पण त्याच पानावर क्रॉचेट, मिनिम, क्रॉचेटला बरोबरची खूण आहे. तो मिनिमही तिसरी मात्रा गिळतोच की?

स्टाफवाला: हो, गिळतो. तो आकार इतका रुळलाय की बहुतेक ठिकाणी चालवतात. काही शिक्षक तिथंही टाय मागतात. तुमच्या बाईंचं मत विचारूनच घ्या.

खानापूरची_आई: रविवारी विचारते. आज परत फोन केला तर त्याच मला बारबाहेर काढतील.