हेलियम-३ काउंटर: शिखराआधीच्या पायऱ्या

> नागपुरात आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये न्यूट्रॉन मोजायला हेलियम-३ ट्यूब लावली आहे. स्पंदांच्या ऊर्जेच्या आलेखात ७६४ केईव्हीच्या शिखराआधी दोन पायऱ्या दिसतात. ट्यूब बिघडली का?

नाही, ट्यूब ठणठणीत आहे. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने तो वायूतून आयन न बनवताच निघून जातो. हेलियम-३ च्या केंद्रकाने त्याला गिळलं, की प्रोटॉन ५७३ आणि ट्रायटॉन, म्हणजे ट्रिटियमचं केंद्रक, १९१ केईव्ही घेऊन विरुद्ध दिशांना सुटतात. स्पंद त्यांचाच असतो. हे भिंतीलगत घडलं तर दोघांपैकी एक भिंतीत घुसतो आणि त्याची ऊर्जा मोजणीतून निसटते. ट्रायटॉन गेला तर निदान ५७३ उरतात, प्रोटॉन गेला तर निदान १९१. त्याच तुमच्या पायऱ्या. त्यांच्याखालचा लहान स्पंदांचा ढीग मुख्यतः गॅमा किरणांचा, म्हणून डिस्क्रिमिनेटर, म्हणजे लहान स्पंद गाळणारी मर्यादा, त्याच्या वर ठेवा. खात्री हवी असेल तर ट्यूबभोवती मंद न्यूट्रॉन शोषणारा कॅडमियमचा पत्रा गुंडाळून बघा: शिखर आणि पायऱ्या एकदमच घसरायला हव्यात, ढीग मात्र तसा घसरणार नाही.