मदत हवी आहे: 11 महिन्यांच्या कराराची तारीख कॅलेंडरमध्ये कशी बसवावी?

नमस्कार मंडळी. आमचे पुण्यात दोन फ्लॅट आणि नाशिकला एक गाळा आहे. घरपट्टी, सोसायटीचा तिमाही मेंटेनन्स आणि विम्याचं नूतनीकरण या तारखा ठरावीक असल्याने गुगल कॅलेंडरमध्ये सहज बसल्या. पुण्याच्या घरपट्टीवर लवकर भरल्यास सवलत असते, म्हणून त्याची आठवण 10 मेला लावली आहे.

अडचण भाडेकराराची आहे. 1 एप्रिल 2025 ला सुरू झालेला 11 महिन्यांचा करार 28 फेब्रुवारी 2026 ला संपतो, पुढचा 31 जानेवारी 2027 ला, म्हणजे तारीख दरवर्षी मागे सरकते. 'दर 11 महिन्यांनी' अशी आठवण 28 तारखेला लावली तर ती 28 जानेवारीला वाजते आणि 31 तारखेला लावली तर 30 दिवसांचे महिने गाळले जातात. म्हणून शीटमध्ये B2 ला सुरुवातीची तारीख ठेवून हे सूत्र घातलं, ते अचूक चालतं:

```
=EDATE(B2,11)-1
```

त्यातून 60 दिवस वजा केले की भाडेकरूशी बोलायची तारीख मिळते. आता ही तारीख दोघा भावांच्या फोनवर आपोआप यायला हवी. सीएसव्ही फाइल पुन्हा आयात केली की जुन्या नोंदी तशाच राहून दुबार नोंदी होतात, आणि भाडेकरू मध्येच सोडून गेला की जुनी आठवण हाताने काढावी लागते.

शीटमधली तारीख बदलली की कॅलेंडरमधली तीच नोंद सरकेल, अशी व्यवस्था कुणी केली आहे का? ॲप्स स्क्रिप्ट थोडीफार जमते, नमुना मिळाला तर फार मदत होईल.